बदली शिक्षकासाठी सोबत टाचणे जोडली आहेत

शहाद्याहून वर, सातपुड्याचे पाय जिथं कापसाच्या शेतांत पसरलेत, तिथं उंबरपाटी नावाचं गाव आहे. गावात एक अनुदानित माध्यमिक विद्यालय आहे. संस्थापकांच्या आजोबांचं नाव त्यांच्या सगळ्या पदव्यांसकट विद्यालयाला दिलेलं असल्यानं ते पाटीवर मावलं नाही, आणि ‘विद्यालय’ हा शब्द पाटीच्या मागच्या बाजूला लिहावा लागला. नवीन माणूस तिथं देऊळ समजून चपला काढतो, असं म्हणतात. आत आल्यावर त्याचा गैरसमज दूर होतो.

या विद्यालयात यामिनी चौधरी मॅडम दहावीला गणित शिकवत. वय सत्तेचाळीस, आवाज खणखणीत आणि फळ्यावरची रेघ अशी सरळ, की पट्टीवर शंका असली तर लोक ती मॅडमच्या रेघेशी लावून बघत. अशा बाईंच्या पोटात वर्षभर दुखत होतं. सुरतच्या डॉक्टरांनी सांगितलं, गर्भाशय काढावं लागेल, घाबरायचं कारण नाही, पण पुढं ढकलूही नका. तारीख ठरली, दिवाळीच्या सुट्टीनंतरची.

मॅडम रजेचा अर्ज घेऊन मुख्याध्यापकांकडे गेल्या. मुख्याध्यापक दिलवरसिंग गिरासे हा मोठा दिलदार माणूस. उभ्या नोकरीत त्यांनी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. ते फक्त ‘सोबत काय जोडलंय?’ एवढंच विचारत, आणि माणूस आपोआप परत जाई. अर्ज वाचायचा त्यांना कंटाळा, पण टाचणीनं लावलेला गठ्ठा दिसला की चेहरा असा खुले, जसा दुसऱ्याचा पुरणपोळीचं ताट बघून खुलतो.

“दिवाळीच्या सुट्टीतच नाही का उरकता आलं?” सरांनी विचारलं.

“रक्त कमी होतं सर. ते वाढल्याशिवाय डॉक्टर हात लावेनात.”

सरांनी वैद्यकीय प्रमाणपत्र हातात घेतलं. ‘गर्भा’ इथपर्यंत वाचलं, कान लाल झाले, आणि कागद चटकन पालथा घालून त्यांनी त्याच्या कोऱ्या पाठीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारला.

“बरं बरं. परिवर्तित रजा. अर्धवेतनी तुमच्या खाती भरपूर शिल्लक आहे, त्यातून दुप्पट वजा होईल. शाळा समितीपुढे ठेवतो, अडचण नाही. पण मॅडम, दहावी! बोर्डाचं वर्ष! एवढ्याशा रजेसाठी बाहेरून माणूस मिळत नसतो. आपल्यातलाच कोणीतरी तास घेणार. त्याला कळायला नको, कुठून सुरू करायचं? तेव्हा अर्जासोबत वार्षिक नियोजन, उरलेल्या घटकांची पाठ टाचणं आणि आजअखेर अभ्यासक्रम किती पूर्ण झाला त्याचा तक्ता जोडा. तीन प्रतींत. मग समिती.”

मॅडम ‘हो’ म्हणाल्या आणि बाहेर आल्या. व्हरांड्यात येऊन खांबाला टेकल्या. पोटामुळं नाही. त्या तक्त्यामुळं.

कारण असं, की दहावीचा अभ्यासक्रम दिवाळीआधीच संपलेला होता. पुस्तकाचे दोन्ही भाग, रेषीय समीकरणांपासून महत्त्वमापनापर्यंत. सकाळी साडेसातला जादा तास, शनिवारी शाळा सुटल्यावर आणखी एक. ही घाई हौसेची नव्हती. डोंगराकडच्या पाड्यांवरची निम्मी पोरं दिवाळी झाली की आईबापांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जात. ती परत येत ती बोर्डाच्या तोंडावर, कोयता धरून हाताला घट्टे पाडून. शासनाच्या वार्षिक नियोजनाला ऊस माहीत नाही. त्यात संभाव्यता डिसेंबरात येते आणि त्रिकोणमिती जानेवारीत, म्हणजे निम्म्या वर्गाच्या वाट्याला कधीच नाही. म्हणून मॅडम पोरांना दिवाळीआधी सगळं गणित बांधून देत, शिदोरीसारखं. पोरं ते घेऊन जात, फडावर वेळ मिळेल तसं सोडवत, अडलेलं वहीच्या मागं लिहून ठेवत, आणि परत आली की मॅडम त्या शंकांवर महिनाभर बसत. तो महिना म्हणजेच खरी दहावी. बाकीचं नुसतं वेळापत्रक.

मग हे कागदावर का नव्हतं? तर दोन वर्षांपूर्वी होतं. मॅडमनी भोळेपणानं दिवाळीपूर्वीच्या तक्त्यात ‘अभ्यासक्रम पूर्ण’ असं खरं लिहून दिलं होतं. गिरासे सरांनी आधी खुलासा मागवला, वार्षिक नियोजनाच्या पुढे कोणाच्या परवानगीनं गेलात? खुलासा मिळाल्यावर अभिनंदन केलं. आणि अभिनंदनाबरोबर शाळेतले झाडून सगळे ऑफ तास, पोषण आहाराची नोंद, मतदार यादीचं काम आणि स्नेहसंमेलनाचं नाटक मॅडमना दिलं, कारण त्या ‘मोकळ्या’ झाल्या होत्या. त्या वर्षी फडावरून आलेली पोरं शंकांच्या वह्या घेऊन व्हरांड्यात बसून राहिली आणि मॅडम अफजलखानाला मिशी चिकटवत राहिल्या.

तेव्हापासून मॅडमचा तक्ता शहाण्यासारखा वागू लागला. नियोजनाच्या बरोबरीनं चालायचं, ना पुढं ना मागं. बाकीच्या शिक्षकांचे तक्ते वर्गापेक्षा दोन महिने पुढं पळत. यामिनी मॅडमचा तेवढा मागं रखडे. साऱ्या जिल्ह्यात आपलं काम लपवण्यासाठी खोटं लिहिणारी ही एकटीच बाई असावी.

आता मॅडमनी विचार केला. खरं लिहिलं तर दोन वर्षांच्या टाचणांवर नोटीस. नियोजनाप्रमाणं लिहिलं तर बदली शिक्षक संभाव्यतेपासून पुन्हा शिकवेल. शिकवू दे! पोरांना सगळं येतंय, कुणीही आला तरी काय बिघडवणार? उलट यासारखी सुरक्षित रजा नाही.

इथंच त्या चुकल्या. पण ते नंतर.

त्यांनी टाचणं मन लावून लिहिली. लिहायला काहीच नव्हतं म्हणा, तास तर होऊन गेले होते. टाचणात दोन रकाने असतात: डावीकडे शिक्षकाचा प्रश्न, उजवीकडे विद्यार्थ्यांचं अपेक्षित उत्तर. इतर शिक्षक अपेक्षित उत्तर गाईडातून उतरवतात, त्यामुळं ते वर्गात कधी येत नाही. मॅडमनी वर्गात खरंच जी उत्तरं आली होती तीच उतरवली. मग तक्ता, मग नियोजन, तीन प्रतींत. गिरासे सरांनी गठ्ठा तळहातावर तोलला आणि समाधानानं मान हलवली.

राहिला प्रश्न तास घेणार कोण. शिक्षक खोलीत ही विचारणा झाली त्या दिवशी विद्यालयावर रोगराईची लाट आली. विज्ञानाच्या सरांना आकडे बघून चक्कर येऊ लागली. हिंदीच्या बाईंना खडूची अॅलर्जी निघाली. मराठीच्या सरांनी तर ‘माझा आणि गणिताचा संबंध मी आईच्या आजारपणात तोडला’ असं काहीतरी इतक्या कातर आवाजात सांगितलं, की पुढं कोणी विचारलंच नाही. त्या वेळी फक्त एक माणूस खोलीत नव्हता. क्रीडाशिक्षक शांतीलाल पाटील मैदानावर चुन्यानं खो-खोच्या रेघा मारत होते. बहुमतानं त्यांची निवड झाली.

“मॅडम, मी बी.पी.एड. माणूस,” शांतीलाल सर चुन्याच्या हातानंच, घाईत अहिराणीवर उतरून, धावत आले. “गणित म्हंजे मना साठी कबड्डीना गुण. त्याबी पोरेच मोजतस!”

“सर, काही करायचं नाही,” मॅडम म्हणाल्या. “डावीकडे आहे ते विचारा, उजवीकडे आहे ते पोरं सांगतील. मध्ये तुम्ही फक्त फळा पुसा.”

“आणि नही सांगं ते?”

“सांगतील.”

शेवटच्या दिवशी मॅडमनी वर्गाला बजावलं. “शांतीलाल सर शिकवतील तेव्हा ‘हे झालंय’ असं कुणाच्या तोंडून येता कामा नये. पहिल्यांदा ऐकतोय असं ऐकायचं. सरांना अडचणीत आणायचं नाही. काय रेवा?”

रेवा पावरा ही वर्गाची मॉनिटर. धाकट्या भावंडांसाठी मागं राहिल्यामुळं ती यंदा उसाला जाणार नव्हती. ती उभी राहून म्हणाली, “नाही आणणार मॅडम. आम्ही सरांना सांभाळून घेऊ.”

आणि त्यांनी सांभाळलं. असं सांभाळलं, की नवऱ्या मुलाला करवल्यांनी सांभाळू नये.

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. मॅडम घरी येऊन पलंगावर पडल्या, सहा आठवडे जड उचलायचं नाही, जिना चढायचा नाही. उचलायला हलका म्हणून मोबाईल होता. त्यात शाळेच्या गटावर गिरासे सरांचा संदेश आला: ‘आज दहावीच्या वर्गात अचानक भेट दिली. शांतीलाल सरांचा गणिताचा तास म्हणजे पर्वणी! प्रश्न पूर्ण होण्याआधीच वर्गातील प्रत्येक हात वर.’ खाली अकरा टाळ्या, सात फुलं आणि मराठीच्या सरांचं एक वृत्तबद्ध कवन.

मॅडमना हसू आलं आणि टाके ओढले. हसायला डॉक्टरांची मनाई होती.

पुढल्या आठवड्यात शिपाई भिकन तब्येत बघायला आला. पपई ठेवली आणि स्टुलावर बसून त्यानं सगळा वृत्तांत दिला.

“मॅडम, शांतीलाल सर ते आते वळखू येत नहीत. शिट्टी सोडी दिनी. शर्टना खिसामा कंपास ठेवतस. काल माले सांगस, भिकन, गणित सोपं शे रे, शिकाडनारा पाहिजे.”

“असं म्हणाले?”

“त्या म्हनतस, यामिनी मॅडमनी पोरेसले उगाच घाबराई ठेयेल व्हतं. मी हात लावताच फुली निंघनात.”

मॅडमनी पपई बाजूला सारली. ती गोड होती, पण त्या क्षणी लागली नाही.

शांतीलाल सर मनानं वाईट नव्हते, हे सांगायला हवं. माणसानं आयुष्यभर ज्याला घाबरावं तो बैल एके दिवशी आपल्या हातचं गवत खाऊ लागला, तर त्यालाही वाटणारच की आपल्या हातात काही आहे. पहिल्या दिवशी त्यांनी टाचण दोन्ही हातांनी धरलं होतं. ‘नमुना अवकाश म्हणजे काय?’ असं त्यांनी वाचलं आणि तीस तोंडांतून टाचणातलंच उत्तर आलं, स्वल्पविरामासकट. दुसऱ्या दिवशी आवाज चढला. चौथ्या दिवशी त्यांनी टाचण टेबलावर ठेवून नुसतं डोळ्याच्या कोपऱ्यातून वाचलं. पंधरा दिवसांत संभाव्यता आणि सांख्यिकी संपली, नाताळाआधी त्रिकोणमिती. इतक्या वेगानं गणित शिकवणारा माणूस तापीच्या या काठाला झाला नव्हता, आणि त्या काठालाही नाही, कारण तिकडच्यांनी नंतर चौकशी केली.

जानेवारीत यामिनी मॅडम तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र घेऊन रुजू झाल्या. गिरासे सरांनी खुर्ची पुढं केली, हे आजवर घडलं नव्हतं, तेव्हाच मॅडमच्या मनात पाल चुकचुकली.

“मॅडम, तुमच्या तब्येतीचा विचार करून मी एक निर्णय घेतलाय,” सर म्हणाले. “दहावीचा ताण आता तुम्हाला नको. शांतीलाल सरांनी वर्ग एवढा वर आणलाय, त्यांच्याकडेच राहू द्या. तुम्ही काहीतरी हलकं घ्या.”

“हलकं म्हणजे?”

“त्यांचे तास. पी.टी.”

मॅडमनी सरांकडे बघितलं. सर गंभीर होते. नुकतंच पोट शिवलेल्या बाईला उड्या मारायचा विषय विश्रांती म्हणून देणारा हा माणूस खरोखर त्यांच्या भल्याचा विचार करत होता, हीच त्यातली भयंकर गोष्ट.

“सर, निदान सकाळचे जादा तास मी घेते. ऊसतोडीची पोरं यायला लागलीत, त्यांच्या शंका—”

“जादा तास विषय शिक्षकानंच घ्यायचे. आणि शंका कसल्या? तुमच्याच टाचणावरून त्यांनी तर सगळं पूर्ण केलंय.” सर मायेनं हसले. “मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. एखाद्याच्या हातालाच यश असतं.”

बोलायचं काय? ‘सर, ते सगळं मीच आधी शिकवलं होतं’ असं म्हटलं, की लगेच पुढचा प्रश्न: मग तक्त्यात का नव्हतं? तुमच्या सहीचा, तीन प्रतींत जोडलेला तो तक्ता? मॅडमनी शिट्टी उचलली.

मग रोज दुपारी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून यामिनी मॅडम शिट्टी फुंकू लागल्या. आणि कडुनिंबाखाली पोरं जमू लागली. फडावरून आलेली. काळी पडलेली, वाळलेली, हातात वही. ईश्वर वळवी नावाचा एक मुलगा वही उघडून उभा राहिला. तिच्या मागच्या पानांना गुळाचे डाग होते.

“मॅडम, वर्तुळाचं हे अडलंय. सरांना विचारलं तर म्हणाले, हे झालंय, पुढं चल.”

“उड्या मारत मारत दाखव,” मॅडम हळूच म्हणाल्या, कारण कार्यालयाच्या खिडकीत गिरासे सर उभे होते.

तो उड्या मारू लागला, वही वरखाली होऊ लागली, आणि मॅडम शिट्टीच्या मधल्या श्वासात स्पर्शिकेचं प्रमेय सांगू लागल्या. दोन उड्यांत पक्ष, तिसरीत साध्य. सिद्धतेला पोचेपर्यंत पोराला धाप लागली. अशानं एका तासात एक शंका सुटे आणि वह्यांत तर रांग लागलेली. बोर्ड फेब्रुवारीत. मॅडमनी मनातल्या मनात भागाकार करून पाहिला. बाकी फार उरत होती.

तेवढ्यात शांतीलाल सरांची कीर्ती तालुक्याला पोचली. गणित शिक्षकांचं कृतिसत्र शहाद्याच्या एका शाळेत होतं, तिथं त्यांना आदर्श पाठ द्यायला बोलावलं. पाठ संभाव्यतेचा आणि विद्यार्थी यजमान शाळेचे.

टाचणं त्यांनी ‘संपली’ म्हणून मॅडमना देऊन टाकली होती; आदल्या दिवशी सर पुन्हा मॅडमकडे आले. “मॅडम, ते फाशांचं टाचण परत द्या ना. तुमचं टाचण माले लाभस.”

मॅडमनी टाचण काढून दिलं. प्रामाणिकपणे, जसंच्या तसं. त्यात एक अक्षर बदललं नाही. बदलायची गरजच नव्हती.

कृतिसत्राला तालुक्यातले गणित शिक्षक वर्गाच्या मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसले. पुढं यजमान शाळेची दहावी, इस्त्रीच्या कपड्यांत. मॅडम तिसऱ्या रांगेत, भिंतीला टेकून. अंबाड्याला गजरा माळलेल्या एक तज्ज्ञ बाई परीक्षणाला होत्या. शांतीलाल सर खिशात कंपास लावून फळ्यासमोर आले, घसा खाकरला आणि विचारलं, “दोन फासे एकाच वेळी टाकले, तर नमुना अवकाशात किती घटक?”

आणि हात वर होण्याची वाट बघत ते हसत उभे राहिले.

हात वर झाले नाहीत.

सरांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. मैदानावरच्या आवाजात पुन्हा विचारलं. पहिल्या बाकावरची मुलगी घाबरून मागं सरकली. सर उजव्या रकान्याकडे बघू लागले. तिथं स्पष्ट लिहिलं होतं: ‘विद्यार्थी सांगतील: छत्तीस.’ विद्यार्थी सांगत नव्हते. सरांनी टाचण पालटून बघितलं, पाठीमागं काही सूचना आहे का म्हणून.

“छत्तीस,” शेवटी त्यांनी स्वतःच सांगितलं.

तिसऱ्या बाकावरचा एक पोरगा उठला. “सर, एक-सहा आणि सहा-एक असे दोन वेगळे का धरायचे? दोन्हींची बेरीज सातच ना?”

सरांनी खिशातला कंपास काढून परत खिशात ठेवला.

“पुस्तकात तसं दिलंय.”

“हो सर. पण का?”

आता हा ‘का’ शांतीलाल सरांना नवा होता. इतके आठवडे त्यांनी दहावी शिकवली, पण वर्गात तो एकदाही आला नव्हता. उंबरपाटीच्या पोरांनी तो सप्टेंबरातच विचारून संपवला होता. मॅडमनी तेव्हा एक फासा हळदीत बुडवला होता आणि एक तसाच ठेवला होता. पिवळ्यावर एक आणि पांढऱ्यावर सहा, मग उलट. ‘आता सांगा, दोन्ही एकच का?’ टाचणात हळद नव्हती. टाचणात हळदीला रकाना नसतो.

सरांची नजर भिरभिरत मागं आली आणि यामिनी मॅडमवर थांबली. त्या नजरेत काय काय होतं! आधी विनवणी. मग एकदम काहीतरी उजाडल्यासारखं. आणि मग, जन्मभर आपण पोहत होतो ते पाणी गुडघाभरच होतं, हे कळलेल्या माणसाची लाज. मॅडमनी पाण्याची बाटली उघडली आणि शांतपणे एक घोट घेतला.

वर्ग गप्प, सर गप्प, टाचण गप्प. घंटा होईपर्यंत.

तज्ज्ञ बाई उठल्या. त्यांचे डोळे पाणावले होते.

“आज मी ज्ञानरचनावाद प्रत्यक्ष पाहिला,” त्या म्हणाल्या. “मुलानं ‘का’ विचारलं आणि सरांनी उत्तर दिलं नाही! आपण असतो तर लगेच दिलं असतं. पण सरांनी मौनानं तो प्रश्न मुलाच्या मनात रुजू दिला. किती संयम! हा पाठ तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत झाला पाहिजे.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. शाल आली, नारळ आला. आणि सुलभक, म्हणजे शिक्षकांना शिकवणारा शिक्षक, म्हणून शाळा शाळा फिरून हाच पाठ द्यायचा, पुढच्या सोमवारपासून, असा आदेशही तिथल्या तिथं तोंडी निघाला. शांतीलाल सरांनी नारळ असा धरला होता, जसा कुणी बॉम्ब धरावा.

संध्याकाळच्या एसटीत ते मॅडमच्या शेजारी येऊन बसले. तापीकाठचं प्रकाशा गाव आलं, आणि प्रकाशा तर त्या वाटेवर लागतच नाही, गाडी चुकीची धरली होती. उतरून दुसरीची वाट बघताना त्यांनी तोंड उघडलं.

“मॅडम, आपली पोरं... त्यांले पहिलेपासून सगळं येत होतं ना?”

“टाचणात तसं कुठं लिहिलंय सर?”

“नही लिहेल. तेच तर.” सरांनी शालीनं कपाळ पुसलं. “मी गिरासे साहेबांना सांगी दिऊ?”

“सांगा. मग माझ्या तक्त्याची चौकशी होईल आणि तुमच्या शालीची. गावोगाव फिरायचं तेवढं टळेल.”

सरांनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. “प्रत्येक शाळेत एक तरी पोरगा ‘का’ विचारीन मॅडम. मी मरी जासू.”

“सर,” मॅडम अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, “तुमची कंबर कशी आहे? खो-खोच्या वेळी लचकली होती ना मागे?”

शांतीलाल सरांनी वळून बघितलं. हळूहळू त्यांचा चेहरा उजळला. पंधरा वर्षांत त्या कंबरेला कुणी विचारलं नव्हतं.

ती कंबर खरोखर दुखत होती, हे त्यातलं विशेष. शहाद्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून मान हलवली, मणक्यांत गॅप सांगितली, पट्टा दिला, उभं राहायचं नाही, प्रवास तर मुळीच नाही. सोमवारी सकाळी अर्ज गिरासे सरांच्या टेबलावर होता: परिवर्तित रजा, बोर्डाची परीक्षा सुरू होईपर्यंत. वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत. एक्स-रे सोबत. आणि गठ्ठा असा, की अधिकाऱ्यांनी जवळ घेऊन झोपावं. वार्षिक नियोजन, पाठ टाचणं आणि अभ्यासक्रम पूर्ततेचा तक्ता. टाचणं मॅडमचीच होती, वर शांतीलाल सरांच्या नावाचं नवं कव्हर. तक्त्यात मात्र सरांनी आयुष्यात पहिल्यांदा गणित अचूक सोडवलं होतं: ‘सर्व घटक पूर्ण. उर्वरित काम: विद्यार्थ्यांच्या शंका.’

गिरासे सरांनी तो वाचला. वाचला! भिकन नंतर शपथेवर सांगत होता, साहेबांचे ओठ हलताना त्यानं बघितले.

“आता बदली शिक्षक कोण?” साहेबांनी शिक्षक खोलीत येऊन नजर फिरवली. विज्ञानाचे सर टेबलाचा आधार शोधू लागले, हिंदीच्या बाई शिंकल्या. “यामिनी मॅडम, तुम्हालाच घ्यावं लागेल. तुमच्या तब्येतीला झेपेल?”

“प्रयत्न करते सर.”

“सकाळचे जादा तासही आलेच.”

“ते आलेच,” मॅडम अगदी पडेल चेहऱ्यानं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी साडेसातला त्या वर्गात गेल्या. मागचे बाक भरलेले होते. ईश्वर उभा राहिला आणि, सवय झाली होती म्हणून, वही उघडून उड्या मारू लागला.

“बस रे,” रेवा ओरडली. “आता बसून विचारायचं.”

मॅडमनी टेबलावर हळदीची पुडी ठेवली आणि वह्या गोळा करायला घेतल्या. तेवढ्यात दाराशी भिकन, हातात आदेश वही. “साहेबनी लिखेल शे. वाचीसन सही करा.”

गिरासे सरांनी स्वतःच्या सुंदर, तिरप्या अक्षरात लिहिलं होतं: ‘श्री. शांतीलाल पाटील यांच्या रजा कालावधीत इयत्ता दहावी गणिताच्या तासिका श्रीमती चौधरी घेतील. त्यांनी श्री. पाटील यांची टाचणे काळजीपूर्वक अभ्यासावीत, त्यांनी गाठलेला दर्जा खालावू देऊ नये व अडल्यास श्री. पाटील यांचे दूरध्वनीवर मार्गदर्शन घ्यावे.’

मॅडमनी ते दोनदा वाचलं. मग खाली लिहिलं, ‘वाचले. अडल्यास विचारीन,’ आणि सही केली.

“चला,” त्या वर्गाकडे वळल्या. “पहिली वही कुणाची?”